अनुभव धागा: इंटर्नशिपचं पोस्टर आणि २ मिनिटांचं बोलणं

धागाकर्ती: पुण्यातल्या कॉलेजांत विद्यार्थी परिसंवादांसाठी पोस्टरची तयारी सुरू आहे. उदाहरणाला एकच काम घेऊ: स्वस्त धूलिकण-सेन्सर पावसाळ्यात जास्त आकडा का दाखवतो? पोस्टर ए-झिरो, उभं.

कोथरूडकर: आधी आलेख ठरवा, बाकी मजकूर त्याच्याभोवती. इथे आडव्या अक्षावर आर्द्रता आणि उभ्या अक्षावर सेन्सरचा आकडा भागिले प्रमाण यंत्राचा आकडा. एकच्या पातळीवर आडवी रेघ मारा. कोरड्या हवेत ठिपके त्या रेघेजवळ राहतात, दमट हवेत वर चढतात. हे चढणं लांबून दिसलं पाहिजे. इंटर्नशिपच्या अहवालातले आठही आलेख चिकटवले की नेमकं हेच हरवतं.

शाईदौत: ३०० डीपीआय ठेवा, छपाई फुटत नाही.

कोथरूडकर: फोटोंसाठी बरोबर. पण १२०० पिक्सेल रुंद स्क्रीनशॉट ४० सेंटिमीटरवर ताणला, तर इंचाला ७६च पिक्सेल उरतात. सेटिंग बदलून नवे पिक्सेल येत नाहीत. आलेख थेट पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये काढा. मग पूर्ण पोस्टर ए-फोर कागदावर छापा. लांबी-रुंदी चौपट कमी होते, म्हणून हातातल्या कागदावर ४० सेंटिमीटरवरून जे वाचता येईल, ते पोस्टरवर १६० सेंटिमीटरवरून वाचता येईल. २८ पॉइंटचं अक्षर त्या कागदावर ७ पॉइंटचं होतं. त्याहून बारीक नकोच.

पेठेतली: अप्पा बळवंत चौकात छापायला जाताना फाइल पीडीएफच न्या, फॉन्ट आत बसवून. नाहीतर दुकानातल्या संगणकावर जोडाक्षरं तुटतात. फ्लेक्स घ्यावा का?

शाईदौत: फ्लेक्स पावसात टिकतो.

कोथरूडकर: टिकतो, पण बारीक अक्षरं कागदावर जास्त रेखीव येतात. माझं मत कागदाला.

निगडीहून: माझा डेटा कंपनीचा आहे. १० मिनिटांत सगळं कसं बसवू?

धागाकर्ती: वेळ २ मिनिटंच आहे हो. आणि डेटासाठी मार्गदर्शकांची लेखी परवानगी आधी घ्या. अक्षांवरचे आकडे काढून चालेल का, हे त्यांनाच विचारा.

मापाडी: बोलण्यात लोक पहिलं मिनिट प्रदूषणाच्या प्रस्तावनेत घालवतात आणि आलेखापाशी घंटा वाजते. २० सेकंदांत प्रश्न, ३० सेकंदांत मांडणी: दोन्ही यंत्रं शेजारी, तासातासाच्या नोंदी. मग आलेखावर पूर्ण मिनिट, तेही अक्षांपासून: "प्रत्येक ठिपका म्हणजे एक तास. उजवीकडे हवा दमट." त्याच मिनिटात कारण: कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सर तो प्रकाशच मोजतो. प्रमाण यंत्र हवा आधी तापवून कोरडी करतं. शेवटचे १० सेकंद मर्यादेला: एकच जागा, फक्त पावसाळा, म्हणून या आलेखावरून सेन्सरच्या आकड्यात केलेली दुरुस्ती हिवाळ्याला लावता येत नाही. "मी" आणि "आम्ही" यांतही गल्लत नको. यंत्रं प्रयोगशाळेने बसवली, नोंदींची छाननी मी केली, असं स्पष्ट सांगा. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

पेठेतली: निष्कर्ष आधी सांगितला तर?

मापाडी: गर्दीत तेच बरं. पण शांतपणे ऐकणाऱ्याला आधी प्रश्न दिला, तर तो आलेख स्वतः वाचतो. मी अजून प्रश्नापासूनच सुरुवात करायला सांगतो.

कोथरूडकर: मी निष्कर्षापासून.