सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरायचं आहे, पैसे कोणत्या दिवशी पाठवू?

तूरवाला_आर्णी (18 मार्च 2026)
नमस्कार मंडळी. सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं पीककर्ज आहे, व्याज सोडून रक्कम 1,42,000. तूर विकली, व्यापाऱ्याने 23 तारखेचा चेक दिला आहे. तो माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या खात्यात टाकीन आणि तिथून जिल्हा बँकेत पाठवीन. दोन्ही शाखा तालुक्याला, एकाच रस्त्यावर. मोबाईल बँकिंग चालू नाही आणि या गडबडीत ते शिकायचं नाही. हरभऱ्याची मळणी लागली आहे, म्हणून फार फेऱ्या जमणार नाहीत. 28 ला पाठवले तर चालेल का?

वणीचा_पप्पू
भाऊ, आता 24 तास सगळं चालू असते. फोनवरून दोन मिनिटांत होते. मी तं ट्रॅक्टरचा हप्ता रात्री बाराला भरतो. ॲप टाका, चिंता सोडा.

कापूस_ते_जिनिंग
तालुक्याला जाताच कशाला? आरटीजीएस करा, लगेच जाते. मी जिनिंगचे सात लाख तसेच फिरवले होते.

गटसचिव_निवृत्त
आरटीजीएस दोन लाखांच्या खाली होतच नाही, म्हणून 1,42,000 ला एनईएफटीच. पप्पूभाऊंचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी सुट्टीच्या दिवशीही, रात्रीसुद्धा, दर अर्ध्या तासाला सुटते. पण हे फोनवरून पाठवणाऱ्याला. तुम्ही शाखेत फॉर्म भरणार, म्हणजे शाखेच्या वेळेशी बांधलेले. दुपारनंतर दिलेला फॉर्म बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात जातो. एक जण भरतो, दुसरा मंजूर करतो, तो दुसरा जेवायला गेला की फॉर्म तिथंच.

आणि 28 ला चौथा शनिवार आहे, शाखा बंद. आता उलटं मोजा. 1 एप्रिलला बँकेचा वार्षिक ताळेबंद, 31 ला महावीर जयंती, 29 रविवार, 28 चौथा शनिवार, 26 ला रामनवमी. म्हणजे 25 पासून कामाचे दिवस तीनच उरतात: 25, 27 आणि 30.

वणीचा_पप्पू
31 ला बँका उघड्या राहतात की! मागच्या वर्षी ईद असूनही उघड्या होत्या.

गटसचिव_निवृत्त
2025 ला 31 मार्चला ईद होती आणि रिझर्व्ह बँकेने शाखा उघड्या ठेवायला सांगितलं होतं, हे बरोबर. पण ते सरकारी जमा-खर्च करणाऱ्या बँकांना, सरकारी व्यवहारासाठी. जिल्हा बँकेची तुमची शाखा त्यात आहे, असं धरून बसू नका. उघडली तरी त्या दिवशी कोण असेल, कोणती खिडकी चालेल, कोणालाच आधी सांगता येत नाही.

दारव्हा_बचतगट
आमच्या गटाचं कर्ज एका बँकेत आहे. हप्ता आपोआप कापला जातो. सुट्टी आहे, उद्या कापला जाईल, असं समजून एका बाईने पैसे नंतर टाकले. रविवारीच सकाळी कापायला आले, खात्यात काही नाही, दंड बसला. बँकेत विचारलं तर म्हणाले, 2021 च्या ऑगस्टपासून आपोआपचे हप्ते सुट्टीलाही जातात. तेव्हापासून आम्ही आदल्या संध्याकाळीच रक्कम ठेवतो. तुमचं वेगळं प्रकरण आहे दादा, पण ट्रॅक्टरवाल्यांनी ध्यानात ठेवा.

कापूस_ते_जिनिंग
चेकचं काय सांगता? आता चेक त्याच दिवशी पास होतो. 23 ला टाकला की 23 ला पैसे. मग 30 पर्यंत आराम.

गटसचिव_निवृत्त
ऑक्टोबर 2025 पासून तशी व्यवस्था आली, खरं आहे. सकाळी दहा ते चार यामध्ये चेकची प्रतिमा पुढे गेली, तर संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. पण गावाकडच्या शाखेत चेक पेटीत पडून राहिला आणि प्रतिमा दुसऱ्या दिवशी गेली, तर तारीखही दुसऱ्या दिवशीची. म्हणून 23 ला सकाळीच काउंटरवर द्या, पेटीत टाकू नका. व्यापाऱ्याची सही जुळली नाही किंवा खात्यात तूट असली तर परत येण्याची भीती वेगळी, त्यासाठीच मधले दिवस हवेत.

मुख्य गोष्ट मात्र सगळे सोडतात. एनईएफटीने पैसे तुमच्या जिल्हा बँकेच्या बचत खात्यात पोचतील. ते कर्ज खात्यात आपोआप जात नाहीत. तुमची स्लिप लागते, सोसायटीचा शिक्का लागतो, गटसचिव जागेवर लागतो. उशीर झाला की नाही हे कर्ज खात्यात जमा झाल्याच्या तारखेवरून ठरते. बचत खात्यात पैसे 27 च्या रात्री आले आणि स्लिप 30 ला दिली, तर 30 चीच नोंद. 30 ला गर्दीत राहिली, तर गेलं.

सोसायटीत मी असताना असं एकाचं झालं. पैसे वेळेत आले होते, बचत खात्यात पडून राहिले, स्लिप एप्रिलमध्ये. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला वेळेत भरल्यावर जी व्याजमाफी मिळते, ती गेली आणि पूर्ण वर्षाचं व्याज बसलं. त्याने पासबुक दाखवून खूप भांडण केलं, उपयोग झाला नाही.

म्हणून मी असं म्हणतो: 23 ला चेक, 24 ला सकाळी एनईएफटी, 25 ला सकाळी जिल्हा बँकेत खातं तपासून स्लिप. 27 आणि 30 राखीव. फॉर्मवर पाठवल्याचा यूटीआर क्रमांक मागून घ्या. पैसे दिसले नाहीत तर तोच क्रमांक दाखवता येतो. खाते क्रमांक चुकला आणि तसं खातंच नसलं, तर पुढच्या बँकेने रक्कम परत पाठवायची असते, पण हे कळायला एक दिवस जातोच.

पुसदकर_अण्णा
राज्याच्या व्याज सवलतीला 30 जूनची मुदत असते, एवढी घाई काहून करता?

गटसचिव_निवृत्त
अण्णा, 30 जून धरून बसलेल्यांची केंद्राकडची व्याज सवलत हुकल्याचं मी पाहिलं आहे. दोन्ही सवलतींच्या तारखा एकच असतील, असं नाही. प्रत्येकाची तारीख कर्जाच्या पासबुकावर आणि सोसायटीत विचारून पक्की करावी.

पुसदकर_अण्णा
माझ्या सोसायटीत 30 जूनच सांगतात.

तूरवाला_आर्णी (21 मार्च)
सगळ्यांचे आभार. सोसायटीत विचारलं, माझी तारीख 31 मार्चच आहे, आणि गटसचिव 25 ला दुपारपर्यंतच तालुक्याला बसणार आहेत.

एनईएफटी नको असं ठरवलं. 23 ला चेक टाकतो आणि 25 ला रोख काढायची आहे, हे त्याच दिवशी कॅशियरला सांगून ठेवतो. 25 ला सकाळी रोख काढतो, जिल्हा बँक समोरच आहे. रोख थेट कर्ज खात्यात भरतो, गटसचिवांचा शिक्का घेतो. पैसे कुठे अडकले हे शोधायची वेळच येऊ नये. पॅन कार्ड, पासबुक सोबत आणि धाकटा भाऊ येतोय.

वणीचा_पप्पू
एवढी रोख घेऊन मार्चअखेरच्या गर्दीत? बाप्पा! आपल्याला पटत नाही.

कापूस_ते_जिनिंग
माझाही विरोध. शिवाय चेक 25 पर्यंत पास झाला नाही तर रोख कुठून येणार?

तूरवाला_आर्णी
तसं झालं तर 27 ला तेच करीन. व्यापाऱ्याला आज फोन केला, खात्यात रक्कम आहे म्हणतो.

गटसचिव_निवृत्त
मी असतो तर एनईएफटीच केली असती, पण रोख भरण्यात बचत खात्याचा टप्पा वाचतो, हे खरं. फक्त रोखीची खिडकी शाखेच्या वेळेआधी बंद होते, मार्चमध्ये तर हमखास. जिल्हा बँकेत सकाळी सगळ्यात आधी रांगेत लागा. पावतीवर कर्ज खात्याचा क्रमांक आणि तारीख दोन्ही वाचल्याशिवाय खिडकी सोडू नका. व्याजाचा आकडाही 24 ला फोनवर विचारून घ्या, नाहीतर काही रुपये कमी पडले म्हणून खातं उघडंच राहील.