शब्दचर्चा : 'ॲलिबाय'ला मराठीत काय म्हणावं?

मुग्धा : शिवाजीनगर कोर्टातल्या खटल्याची बातमी मराठीत करतेय. 'आरोपीने ॲलिबाय घेतला' याला 'सबब सांगितली' चालेल?

दत्ताकाका : 'आरोपी फरार होता' लिही. जागेवर नव्हता, म्हणजे तेच ना?

रेवती (वकील) : नाही काका, फरार म्हणजे गुन्ह्यानंतर पसार झालेला. इथे प्रश्न गुन्ह्याच्या वेळेचा आहे, आरोपी म्हणतो की तेव्हा मी दुसरीकडे होतो. लॅटिन शब्दाचा अर्थच 'दुसरीकडे'. आणि 'सबब' म्हटलं की निकालाआधीच माणूस खोटा ठरतो. 'अन्यत्र उपस्थितीचा बचाव' लिही.

निखिल : आरोपीने नुसतं म्हटलं तरी पुरे. सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षावर.

रेवती : अर्धं बरोबर. आरोपी घटनास्थळी होता हे आधी सरकार पक्षानेच दाखवायचं. पण 'मी दुसरीकडे होतो' ही विशिष्ट गोष्ट आरोपीने शाबीत करायची. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 106 पाहा. शिवाय 'दुसरीकडे' म्हणजे इतकं लांब, की त्या वेळी तिथे असणं जवळपास अशक्य.

कल्पित उदाहरण घ्या. हल्ला कात्रजला रात्री 9.15 वाजता. आरोपी म्हणतो, साताऱ्यात रुग्णालयात होतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर 7.10ची फास्टॅगची नोंद आहे, पण ती गाडीची. आत कोण होतं ते ती सांगत नाही. मोबाइल टॉवरचंही तसंच, फोन दुसऱ्याच्या खिशात असू शकतो. खरा आधार म्हणजे रुग्णालयाच्या सीसीटीव्हीत 9.05ला दिसलेला चेहरा. दहा मिनिटांत साताऱ्याहून कात्रज गाठता येत नाही.

निखिल : मग सुटलाच की!

रेवती : थांबा. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असतं. पहिल्याच दिवशी खऱ्या वेळेशी ताडून फरक लिहून घ्यावा लागतो. जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं, म्हणून ते जपून ठेवण्यासाठी रुग्णालयाला लगेच लेखी पत्र द्यायचं, रुग्णालयाने चित्रण दिलं नाही तर कोर्टाकडून मागवून घ्यायचं. प्रत दाखल करताना त्याच अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र हवं, यंत्र सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही असलेलं.

सगळ्यात नाजूक जागा वेळेची. खून असेल आणि डॉक्टर 'सहा ते दहाच्या दरम्यान मृत्यू' म्हणाले, तर 9.05चं चित्र अपुरं पडतं. साडेसहाला कात्रज सोडलेला माणूसही तोवर साताऱ्यात पोचतो.

मुग्धा : बचाव फेटाळला, तर गुन्हा शाबीत?

रेवती : नाही. सरकार पक्षाला आपला पुरावा द्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1996च्या बिनय कुमार सिंग निकालात हे स्पष्ट केलंय. उलट, बचाव टिकला तरी कटाचा आरोप उरू शकतो. कट साताऱ्यात बसूनही रचता येतो.

निखिल : पण त्याच निकालात काटेकोर पुरावा मागितलाय. मग वाजवी संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, त्याचं काय?

रेवती : त्यावर वकिलांत अजून वाद होतो. माझ्या मते बचाव पूर्ण टिकला नाही, तरी त्याने निर्माण केलेला संशय कोर्टाने तोलायलाच हवा.

दत्ताकाका : 'फरार' मागे घेतो. पण 'उपस्थिती' कशाला? 'अन्यत्र असल्याचा बचाव' जास्त सरळ आहे.

मुग्धा : मथळ्यात काकांचा घेते, मजकुरात रेवतीताईंचा.