ब्लू टिक दिसते, उत्तर संध्याकाळी येतं. विचारू का त्याला?

रानजाई: स्थळ म्हणून ओळख झाली, दोनदा भेटलो, होकार अजून कळवलेला नाही. मी नाशिकला, तो चाकणला एका कारखान्यात शिफ्टला. पहिले आठ-दहा दिवस उत्तर लगेच यायचं. मंगळवारी सकाळी ९.४० ला मी लिहिलं, 'तुझ्याशी बोललं की दिवस बरा जातो.' मेसेज दाबून धरून माहिती बघितली तर पोचला ९.४०, वाचला ११.३२. उत्तर रात्री ८ ला, 'मला पण'. मधल्या वेळात कामात लक्षच लागलं नाही. जास्त बोलून गेले का?

मिलिंद_क: ताई, वाचून उत्तर नाही म्हणजे टाळतोय. तू पण रीड रिसीट बंद कर, कळू दे त्याला.

सुमेधा: बंद केलीत तर त्याच्या ब्लू टिका तुम्हालाही दिसायच्या थांबतील. शिवाय ग्रुपवर वाचल्याचं आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याचं तरीही कळतंच. रिसीट बंद करून तुमच्या मनातलं त्याला काही कळणार नाही.

ब्लू टिक म्हणजे चॅट उघडला गेला, एवढंच. पहिल्या शिफ्टला ११.३२ ही जेवणाच्या सुट्टीची वेळ वाटते. चौघांच्या टेबलावर 'जेवलो' असं लिहिता येतं, तुमच्या त्या वाक्याला उत्तर लिहिणं अवघड. म्हणून सगळे मेसेज एका मापाने मोजू नका. आठवडाभर साधे मेसेज आणि मनातले मेसेज वेगळे धरा, शेजारी त्याची शिफ्ट लिहा. फक्त मनातल्यालाच उशीर होत असेल तर तो लिहायला बिचकतोय. सुट्टीच्या दिवशी साध्यालाही तासन्‌तास लागत असतील तर मात्र मिलिंद म्हणतात ते खरं असू शकतं.

आणि कधी दोन मिनिटांत, कधी दहा तासांनी उत्तर येतं, म्हणूनच फोन सारखा बघावासा वाटतो. रोज रात्रीच येत असतं तर तुम्ही दिवसा बघितलाच नसता.

ओंकार९५: माझ्या मेसेजवर दोन दिवस एकच टिक आहे, डीपी पण गेला. ब्लॉक केलंय का?

सुमेधा: ओंकार, फोन बंद असला तरी एकच टिक राहते. डीपी जाणं ही खूण आहे, पण तिने तो काढलाही असेल. ब्लॉक केल्याचं खात्रीने कळू नये अशीच रचना आहे. साधा फोन लावून बघा, एकदाच.

रानजाई: आठवडा झाला. साध्या मेसेजांना दहा-पंधरा मिनिटं लागली. मनातले दोन लिहिले, त्यातला एक त्याच्या सुट्टीच्या दिवशी. तो दुपारी १ ला वाचला, उत्तर ६ ला आलं. तेव्हा शिफ्ट नव्हती.

मिलिंद_क: मग मी काय म्हणत होतो?

सुमेधा: साध्यांना लगेच उत्तर येतंय हेही बघा. टाळणारा माणूस 'भाजी काय होती' याला दहा मिनिटांत उत्तर देत नाही. हे त्यालाच विचारा, पण लिहून नको.

रानजाई: रविवारी भेटणार आहोत, तेव्हा विचारेन. पण बाबांना शनिवारपर्यंत उत्तर हवंय.