शब्दचर्चा : तमाशातली ‘झील’

कंदील : काल आईबरोबर पुन्हा ‘पिंजरा’ पाहिला. मास्तर तुणतुणं घेऊन फडात उभा राहतो तिथे आई म्हणाली, “घ्या, लागला झील ओढायला!” झील ओढणे म्हणजे काय?

रानमेवा : झील म्हणजे तळं. नैनीतालला आहे ना.

कंदील : अहो, ते हिंदीत!

सातारी_कंदी : लावणी-पोवाड्यात मागचे लोक ‘जी जी रं जी’ म्हणतात, तीच झील.

हलगीवाला : अर्धं बरोबर. ‘जी जी’ हे नुसते शब्द झाले. झील म्हणजे मागून सूर धरणं. लावणीवाली ओळ संपवते, तिचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच मागचे दोघे ते उचलतात आणि चढ्या आवाजात लांबवतात. एक हात कानाला. यांना सुरत्ये किंवा झीलकरी म्हणतात. एकाकडे बहुधा तुणतुणं, दुसऱ्याकडे मंजिरी. तेवढ्यात बाईला दम घेता येतो, ढोलकीवाल्याला तोड्याला जागा मिळते आणि तिचे पाय सुरू होतात. माइक नव्हता तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत सूर पोचवणारेही हेच. झील उशिरा पडली तर मधे भोक पडतं आणि नाच लंगडा वाटतो.

सिनेमात हे नीट कळत नाही. ‘नटरंग’च्या गाण्यांत पुरुषांचा कोरस दणदणीत आहे, पण स्टुडिओतला कोरस एकसारखा आणि भरदार. फडात दोनच गळे, त्यातला एखादा थोडा फाटलेला. मला तोच आवडतो.

बुवांचा_पोरगा : आमच्या कोकणात भजनात बुवांमागे ओळ उचलणाऱ्यांना सरळ कोरस म्हणतात. मी चार वर्षं तेच केलं. ओळ आधी उचलली म्हणून बुवांनी भर कार्यक्रमात डोळे वटारले होते.

सातारी_कंदी : मग ‘साहेबांची री ओढतो’ आणि ‘झील ओढतो’ एकच का?

हलगीवाला : बोलताना दोन्ही चालतात, हांजी हांजी करणाऱ्याला. मला फरक वाटतो. री ओढणारा नुसता मागून म्हणतो. झीलकऱ्याला स्वतःचा गळा लागतो. पण हे माझं मत.

कंदील : म्हणजे आईचा टोमणा दुहेरी होता! वर्गात मास्तर पुढे म्हणायचे आणि पोरं मागून. आता तेच दुसऱ्याच्या ओळीमागे उभे. १९७२ च्या प्रेक्षकाला हे बघताक्षणी कळलं असणार.

हलगीवाला : तुणतुणं हातात आलं तिथेच कळलं असणार. फडात ती पुढची जागा नाही.

कंदील : पण मास्तरांच्या तोंडून झील खरंच येते का, की नुसतंच वाजवतात?

सातारी_कंदी : मला तर संध्याबाईंचे पायच आठवतात. मागे कोण होतं ते बघितलंच नाही कधी.

कंदील : रविवारी परत लावते. या वेळी मागच्या रांगेकडे बघत.