नफा 33 टक्के वर, शेअर साडेआठ टक्के खाली: मग काय समजायचं?

चर्नीरोड_स्लो: एचडीएफसी बँक, जानेवारी 2024. तिमाही नफा 33 टक्क्यांनी वाढून 16,373 कोटी. दुसऱ्याच दिवशी शेअर 1,679 वरून 1,537. बड्या धेंडांनी घाबरवून आपला माल स्वस्तात उचलला, दुसरं काय? आणि वर शहाणे सांगणार, 'भावात आधीच धरलेलं होतं'.

फोर्टातला_जुना: हे वाचून चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहितो. आधी ते 33 टक्के. तुलना कुठल्या तिमाहीशी? डिसेंबर 2022 शी, तेव्हा बँक एकटी होती. जुलै 2023 मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड तिच्यात विलीन झाली. दोन घरांचे पगार एकत्र करून 'उत्पन्न वाढलं' म्हणण्यातला हा प्रकार. विलीनीकरण सगळ्या जगाला माहीत होतं, त्यामुळे ती वाढ कुणालाच नवी नव्हती. सप्टेंबर तिमाहीशी ताडून बघा: 15,976 कोटींवरून 16,373. जेमतेम 400 कोटी जास्त, आणि त्यात 1,500 कोटींचा करातला एकदाच मिळणारा फायदा.
आता भाव. ऑक्टोबरअखेर शेअर पंधराशेच्या खाली होता, डिसेंबरअखेर सतराशेच्या वर. हे वरचे दोनशे लोकांनी कशासाठी मोजले? आता ठेवी जोरात येतील, महागडी उसनवारी फिटेल आणि व्याजातलं मार्जिन सुधारेल, यासाठी. निकालात काय दिसलं? तिमाहीत कर्जं जवळपास 5 टक्के वाढली, ठेवी 2 टक्केसुद्धा नाहीत. मार्जिन होतं तिथेच. ज्याचे पैसे आधीच मोजले होते तेच आलं नाही, म्हणून लोकांनी ते परत घेतले.
(आजच्या चार्टवर हे भाव निम्मे दिसतील. 2025 च्या बोनस शेअर्समुळे. उगाच भांडायला येऊ नका.)

ऑप्शनवाला_बोरिवली: साधं आहे हो. अफवेवर घ्या, बातमीवर विका. निकालानंतर शेअर पडतोच.

फोर्टातला_जुना: 'पडतोच' नाही. अपेक्षेपेक्षा चांगलं आलं की उसळतो, आणि अपेक्षा खड्ड्यात असेल तर तोटा जाहीर करूनही चढतो.

ऑप्शनवाला_बोरिवली: मग शेअर चढेल म्हणून घेतलेला माझा कॉल ऑप्शन का बुडाला? निकाल चांगला होता, शेअर चढलाही होता! (वेगळी कंपनी.)

फोर्टातला_जुना: निकालाआधी अनिश्चितता असते म्हणून ऑप्शनची किंमत, म्हणजे प्रीमियम, फुगलेला असतो. निकाल लागला की हवा जाते. शेअर थोडाच चढला तर तेवढ्याने ती भरून निघत नाही.

मुलुंडची_मावशी: ठेवी वाढत नाहीत म्हणे! कशा वाढतील? आमच्या बँकेत (नाव घेत नाही) एफडीच्या नूतनीकरणाला गेले, तर मुलाने पुढ्यात विम्याचा कागद सरकवला. मी एफडी मोडून पैसे म्युच्युअल फंडात टाकले.

चर्नीरोड_स्लो: आमच्या आईलाही तेच. 'पाच वर्षंच भरा' म्हणाले.

मुलुंडची_मावशी: आणि मध्येच बंद केलं तर हातात किती येतं ते विचारा आईला.

ऑप्शनवाला_बोरिवली: माझ्या सासऱ्यांना तर लॉकरसाठी पॉलिसी घ्यायला लावली. तक्रार करा म्हटलं तर मलाच गप्प बसवलं.

फोर्टातला_जुना: धागा शेअरचा आहे!! पण मावशींचे पैसे जिथे गेले तिथे लाखोंचे गेले, आणि बाजाराला भीती तीच होती.

सीए_शिकाऊ_दादर: काका, तुम्ही 1,500 कोटी सांगितले आणि 1,220 कोटी गिळलेत. एआयएफ म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पर्यायी फंड, त्यांतल्या गुंतवणुकीवर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकामुळे त्याच तिमाहीत तेवढी तरतूद केली होती. तीही एकदाचीच.

फोर्टातला_जुना: बरोबर, पोरा. पण ती करपूर्व रक्कम आहे. कर वजा जाता साधारण 900 कोटी नफ्यात पुन्हा जोडा, 1,500 वजा करा. 15,800 च्या आसपास येतं. म्हणजे सप्टेंबरपेक्षा थोडं कमीच.

सीए_शिकाऊ_दादर: ठीक. तरी मूळ आक्षेप राहतोच. पडला की म्हणायचं अपेक्षा जास्त होती, चढला की कमी होती. हे भविष्य सांगणं नाही, पंचनामा आहे.

फोर्टातला_जुना: निम्मं मान्य. म्हणून निकालाआधी कागदावर लिहा: विश्लेषकांचे छापून आलेले अंदाज काय, दोन-तीन महिन्यांत भाव किती धावला, आणि लोक नेमक्या कुठल्या आकड्याची वाट बघताहेत. निकालानंतर तोच आकडा तपासा. दिशा बऱ्याचदा कळते. साडेआठ टक्केच का, पाच का नाही, ते मलाही सांगता येणार नाही.

चर्नीरोड_स्लो: बघा! म्हणजे त्या दिवशी परदेशी फंडांनी धडाधड विकलं त्याचा हात होताच.

फोर्टातला_जुना: विकलं ना. पण आदल्या संध्याकाळी आकडे वाचून. प्रत्येक विकणाऱ्यासमोर घेणाराही होता. तुम्ही घेतलेत का?

चर्नीरोड_स्लो: 1,537 ला विकले. थोर आहात तुम्ही, काका.

मुलुंडची_मावशी: ते राहू द्या. त्या पॉलिसीचे पैसे परत मिळवलेलं कुणी आहे का इथे?