लेखी मंजुरी दिल्यावर "काम आवडलं नाही": डिझायनरने काय लिहायचं?

आंबेबाग_देवगड: आमच्या ओळखीच्या बागायतदाराला पेटीच्या डिझाइनवाल्या मुलीने सरळ जुना मेल दाखवला, "तुम्हीच मंजूर केलं होतं". केलं असेल! पण पेट्या मातकट आल्या, हापूस बटाट्यासारखा दिसतोय. गिऱ्हाईक नाराज असेल तर फुकट दुरुस्त करून द्यावं, हीच धंद्याची रीत. लेखी मंजुरी कोर्टात दाखवा.

रंगारी_कुडाळ: हे वाचून गप्प बसवेना. तो मेल मी पाहिलाय, ती माझ्या ओळखीची आहे. काम १२,००० चं, अर्धे आधी मिळाले. ३ मार्चला साहेबांनी peti_final_v4.pdf बघून लिहिलं, "हेच फायनल, छपाईला द्या", आणि तिने त्याच दिवशी फाइल दिली. कागद त्यांनी निवडला, प्रेस त्यांची. २४ ला म्हणतात समाधानकारक नाही, उरलेले देणार नाही. तिने तोंडावर काही फेकलं नाही, हे लिहिलं:

"नमस्कार. पेट्या मनासारख्या आल्या नाहीत हे वाचून वाईट वाटलं. ३ मार्चचा आपला मंजुरीचा मेल खाली जोडला आहे. त्या फाइलमध्ये आणि छपाईला दिलेल्या फाइलमध्ये काही फरक आढळल्यास दाखवा, तो मी विनामूल्य दुरुस्त करीन. ब्राऊन कागदासाठी आंब्याखाली पांढऱ्या रंगाचा थर असलेली नवी फाइल हवी असल्यास २,००० रुपयांत देईन. मूळ कामाचे उरलेले ६,००० रुपये ३१ मार्चपर्यंत पाठवावेत."

यात उद्धटपणा कुठे आहे? "समाधानकारक" या शब्दावर तिने वादच घातला नाही, फरक दाखवा म्हणाली. तो दाखवता येत नाही म्हणून रीत आठवली.

आंबेबाग_देवगड: ब्राऊन कागदावर पिवळा बसत नाही हे तिने आधी सांगायला नको? बागायतदाराला काय कळतंय त्यातलं?

प्रेसवाला_कणकवली: पिवळी शाई पारदर्शक असते, खालचा ब्राऊन वर येतोच. स्क्रीनवर पांढऱ्यावर बघून हो म्हटलं की असंच होणार. तपासायचं असेल तर तीच फाइल पांढऱ्या कागदावर छापून बघा. आंबा पिवळा आला तर फाइल बरोबर, गडबड कागदाची. पांढरा थर द्यायचा तर प्लेट वाढते, खर्च वाढतो, नाहीतर पांढऱ्या टॉपचा बॉक्स घ्या. पण दरवर्षी सगळ्यांना स्वस्तातला बॉक्स हवा आणि तोही फेब्रुवारीच्या शेवटी, प्रूफ काढायला कुणी थांबत नाही!

आंबेबाग_देवगड: पेटीला चार रुपये जास्त घालून पुढे मार्केटला कोण देतो आम्हाला? दलाल कापतो, वाहतूक कापते.

प्रेसवाला_कणकवली: मग मातकट आंबा घ्या. दलालाचा राग डिझायनरवर कशाला?

माडाची_वाडी: माझ्याकडे उलट झालं. तारकर्लीच्या होमस्टेची वेबसाइट केली, "ओके, लाइव्ह करा" असा मेसेज आला पुतण्याच्या नंबरवरून. काका म्हणाले मी कधी ओके केलं? पैसे बुडाले. त्यामुळे मंजुरी असली म्हणजे जिंकलो असं नाही.

रंगारी_कुडाळ: इथे मेल मालकाचा स्वतःचा आहे हो, वेगळी गोष्ट.

वकीलबाई_चिपळूण: दोघांचं अर्ध बरोबर. मंजुरी दिसणाऱ्या गोष्टींना लागू होते: मजकूर, मांडणी, फोन नंबर. फाइलच्या आत लपलेला दोष, म्हणजे फोटो कमी रिझोल्यूशनचा असेल, तर "तुम्ही मंजूर केलं" म्हणून सुटता येत नाही. कागद आधी ठरलेला तिला माहीत होता का, यावर बरंच अवलंबून आहे, ते इथे कुणी सांगितलंच नाही.

आता पैशांचं. काम सुरू होण्याआधी तिची उद्यम नोंदणी असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा बघा. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात. ३ ते २४ म्हणजे २१ दिवस. आधी लेखी काही आलं नसेल तर बाजू तिची. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर.

आंबेबाग_देवगड: सहा हजारासाठी पोर्टल! ह्यां माका पटणा नाय. आणि पेट्या आल्या १७ ला, त्याआधी हरकत घेणार कशावर? तुमचे १५ दिवस १७ पासून मोजा की.

वकीलबाई_चिपळूण: तिने पेट्या दिल्या नाहीत, फाइल दिली. तरी हा मुद्दा समोरचा वकील नक्की काढेल, हे मान्य.

रंगारी_कुडाळ: काढू दे. कागदाचं मी तिला विचारलं, ब्राऊन ठरल्याचं तिला फाइल दिल्यावर कळलं. २,००० ची ऑफर अजून उघडी आहे, तुमच्या बागायतदाराने एका ओळीचं उत्तरही दिलेलं नाही.

आंबेबाग_देवगड: विचारतो त्यांना. पण फुकट करायला हवं होतं, हे माझं मत बदललेलं नाही.