उपास 'सोडला' म्हणजे नक्की काय केलं? आजीच्या पत्रातले काही शब्द

निवांत_पाखरू
आजीला फोनवर विचारलं होतं की आपल्या घरी सोमवारी रात्री चूल का नसते, तर म्हणाली फोनवर नाही सांगत, लिहून पाठवते. खरंच चार पानी पत्र आलं. वाचताना दोनतीन ठिकाणी अडले म्हणून तिला विचारून थोडा भाग इथे टाइप करतेय:

"चि. सोनूस अनेक आशीर्वाद. आपला सोमवार महादेवाचा नाही. लोकांचा सोमवार संध्याकाळी सुटतो, आपला संध्याकाळी लागतो. हे नक्त नव्हे. पासष्ट साली लढाई चालू होती, गहू परदेशातून यायचा, तेव्हा शास्त्रीजींनी सांगितलं की आठवड्यातनं एक वेळ जेवू नका. मामंजींनी पुढच्याच सोमवारी रात्रीची चूल पेटवू दिली नाही. मी नवी सून, मला वाटलं चार आठवडे चालेल. जानेवारीत शास्त्रीजी गेले तरी मामंजींचा सोमवार चालूच. बहात्तर साली मात्र आम्ही उपास केले नाहीत, काढले. सातही वार सोमवारच. तरी सोमवारी रात्री मामंजी ताटावर बसायचे नाहीत, खाडा पडू दिला नाही. पुढे तुझ्या बाबाने कॉलेजात असताना सोमवार सोडला, मी काही बोलले नाही. तू धरू नकोस. धरलास तर पाळ."

आता प्रश्न. नक्त म्हणजे काय? 'केले नाहीत, काढले' यात फरक काय? आणि मुख्य म्हणजे बाबाने सोमवार सोडला म्हणजे त्या दिवशी रात्री जेवला एवढंच ना? मग त्यात 'मी काही बोलले नाही' असं लिहिण्यासारखं काय आहे?

हिशेबनीस
नक्त म्हणजे निव्वळ. आमच्या पतसंस्थेच्या अहवालात 'नक्त मूल्य' असतं, म्हणजे सगळी देणी वजा जाऊन उरलेलं. तेव्हा 'हे नक्त नव्हे' म्हणजे हा पूर्ण निव्वळ उपास नाही, अर्ध्या दिवसाचा आहे, असं आजींना म्हणायचं असणार.

वाडवळण
हिशेबनीस, अहवालातला नक्त बरोबर आहे पण तो इथला नाही. इथला नक्त संस्कृतातल्या 'नक्तम्'वरनं आलाय, म्हणजे रात्री. दिवसभर काही खायचं नाही आणि दिवेलागणीनंतर एकदाच जेवायचं, त्या व्रताला नक्त म्हणतात. दुपारी एकदाच जेवायचं ते एकभुक्त. श्रावणी सोमवार बहुतेक घरांत नक्तासारखाच पाळतात, दिवसभर फराळ आणि संध्याकाळी नैवेद्य दाखवून भातवरणाचं जेवण. आजींच्या घरचा प्रकार बरोबर उलटा, दिवसा नेहमीसारखं जेवायचं आणि रात्रीचं जेवण टाळायचं. म्हणून त्या मुद्दाम सांगतायत की हे नक्त नव्हे, म्हणजे नातीने सोमवार ऐकून महादेवाशी जोडू नये. एका तीन शब्दांच्या वाक्यात केवढं बसवलंय बघा.

आणि हा सोमवार आजींच्या एकट्या घरचा नव्हता. १९६५ मध्ये शास्त्रीजींच्या आवाहनानंतर खूप घरांत सोमवारी रात्रीची चूल बंद असायची, कितीतरी हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद ठेवायचे. लोक त्याला 'शास्त्री व्रत' म्हणायचे. परदेशी गहू म्हणजे अमेरिकेचा, पी.एल. ४८० या तिथल्या कायद्याखाली येणारा. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि वर युद्ध. बहुतेकांचं ते व्रत काही काळाने बंद पडलं, यांच्याकडे टिकलं.

तुळशीवृंदावन
सोमवारचं उद्यापन करायचं असेल तर सोळा सोमवार पूर्ण झाल्यावर सतराव्या सोमवारी करतात, दांपत्याला जेवायला बोलावतात. साठ वर्षं झाली म्हणता तर आता तरी उद्यापन करून घ्या, नाहीतर व्रत अपुरं राहतं. आणि एक, 'उपास' हा अशुद्ध शब्द आहे. शुद्ध शब्द उपवास. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे, देवाच्या जवळ राहणे. नुसतं न खाण्याला उपवास म्हणतच नाहीत.

निवांत_पाखरू
उद्यापनाचं नव्हतं विचारलं हो काकू, शब्दांचं विचारलंय :)

वाडवळण
तुळशीवृंदावन ताई, उप + वास बरोबर, पण कोण कुणाच्या जवळ राहतं हे जुन्या ग्रंथात वेगळं आहे. शतपथ ब्राह्मणाच्या अगदी सुरुवातीलाच हा विषय आहे. यजमानाने उद्या यज्ञ करायचं ठरवलं की देवांना ते कळतं आणि ते आदल्या दिवशीच त्याच्या घरी येऊन राहतात, म्हणून त्या दिवसाला 'उपवसथ' म्हणायचं. म्हणजे राहायला देव येतात, आपण नाही जात. आणि घरी पाहुणे आलेले असताना त्यांच्या आधी जेवणं बरं दिसत नाही, मग देवांच्या आधी कसं जेवायचं? हे न खाण्याचं कारण! सगळं पाहुणचाराच्या रीतीवर उभं आहे. बौद्धांचा उपोसथ आणि जैनांचा पोसह हे त्याच शब्दाचे भाऊ.

पुढे तिथेच याज्ञवल्क्यांचं मत आहे, ते मला फार आवडतं. अजिबात खाल्लं नाही तर ते पितरांचं कर्म होतं, खाल्लं तर देवांच्या आधी जेवल्यासारखं होतं, मग करायचं काय? तर जे खाल्लं तरी न खाल्ल्यासारखं धरलं जातं ते खायचं, म्हणजे ज्याची आहुती देत नाहीत ते, रानातलं किंवा झाडावरचं फळ. कुणीतरी तिथेही उडीद शिजवून मागितलेत आणि त्याला नाही म्हटलंय. म्हणजे 'उपासाला हे चालतं का' हा वाद तेव्हापासूनचा आहे. आपला 'फराळ' हा शब्दही 'फलाहार'वरनंच आलाय, आता त्यात फळ सोडून बाकी सगळं असतं ते सोडा.

'उपास' अशुद्ध वगैरे काही नाही. बोलताना उपवासचा उपास झाला आणि घराघरात तोच रुळला. उपाशी, उपासमार हे शब्द याच घराण्यातले, त्यांना कोण अशुद्ध म्हणतं?

तुळशीवृंदावन
असेल. पण आमच्याकडे उपवासच म्हणतात.

पाटपाणी
मूळ प्रश्न राहूनच गेला, क्रियापदांचा. मला यातच जास्त मजा वाटते कारण उपासाबरोबर कुठलं क्रियापद लावलं त्यावरनं कळतं की तो कुणाच्या मर्जीने झाला. 'उपास केला' म्हणजे घरात अन्न होतं आणि मी ठरवून जेवलो नाही. 'उपास घडला' म्हणजे मनात नव्हतं, प्रवासात काही मिळालं नाही आणि योगायोगाने एकादशीच होती, मग आपण हसत म्हणतो चला घडला उपास. 'उपास पडला' हे चुकून जेवण हुकलं त्याला. आणि 'उपास काढले' म्हणजे घरात नव्हतंच, दिवस ढकलले. दिवस काढले, हाल काढले, त्यातलंच हे काढणं.

आता आजींचं वाक्य पुन्हा वाचा. बहात्तरचा दुष्काळ, लोक रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होते, रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, कामावर सुकडी मिळायची. तिथे 'उपास केले' लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. त्या म्हणतात केले नाहीत, काढले. आणि लगेच पुढे, सासरे सोमवारी रात्री ताटावर बसायचे नाहीत. म्हणजे सहा दिवस काढलेले आणि एक दिवस केलेला. ज्याच्या घरात पुरेसं नाहीये त्यानेही एक जेवण आपल्या मर्जीने सोडलं, तेवढा एक तरी दिवस स्वतःच्या हातात ठेवला असं मला वाटतं. अर्थात मी जास्त वाचत असेन.

बाबाच्या 'सोडला'चं सांगतो. 'उपास सोडला' आणि 'सोमवार सोडला' हे वेगळे. संध्याकाळी जेवून आपण उपास सोडतो, तो रोजचा भाग, त्यात गैर काही नाही. पण वाराचं नाव घेऊन सोमवार सोडला, शनिवार सोडला म्हटलं की तो नेम कायमचा बंद केला. तुमच्या बाबांनी नुसतं एका रात्री जेवण केलं असं नाही, घरची पद्धतच थांबवली. म्हणून 'मी काही बोलले नाही'ला वजन आहे. एखाद्या रात्रीच जेवले असते तर आजींनी 'मोडला' लिहिलं असतं, किंवा 'खाडा पडला'. सासऱ्यांच्या बाबतीत खाडा हा शब्द वापरलाच आहे त्यांनी.

निवांत_पाखरू
अरे बापरे. मी आजीला उत्तरात लिहिणार होते की एक दिवस जेवला तर काय झालं. बरं झालं विचारलं.

रात्रपाळी
आमच्या सासूबाई गुरुवार करायच्या, शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी गोळी चालू असताना उपाशी राहू नका म्हणून बजावलं. तर त्यांनी गुरुवार सोडला नाही, गुरुवारी मीठ सोडलं. म्हणजे जेवायचं तीन वेळा पण अळणी. मी विचारलं हा कसला उपास, तर म्हणाल्या उपास नाही गं, वार आहे. तेव्हा वार पाळणं आणि उपास करणं हे पण दोन वेगळे असावेत का?

पाटपाणी
आहेतच की. 'वार पाळणे'मध्ये काहीही येऊ शकतं, शुक्रवारी आंबट न खाणं, शनिवारी दाढी न करणं. उपास हा त्यातला एक प्रकार. आणि आजींचं शेवटचं वाक्य पण तेच सांगतं, 'धरू नकोस, धरलास तर पाळ'. धरणं एका दिवसाचं काम, पाळणं दर आठवड्याचं.

हिशेबनीस
मग 'आपला संध्याकाळी लागतो' याचं काय? आमच्याकडे 'मला उपास लागला' म्हणजे उपासाने डोकं दुखलं, गळून गेल्यासारखं झालं. आजींना संध्याकाळी भूक लागून त्रास होत असेल असंही असू शकतं ना.

वाडवळण
मला ते ग्रहणासारखं वाटलं. ग्रहण लागतं आणि सुटतं, तीच जोडी आजींनी उपासाला लावली, आधीच्याच वाक्यात 'सुटतो' आहे म्हणून. पण उपास लागतो असं सुरू होण्याच्या अर्थाने मी दुसरीकडे ऐकलेलं नाही, त्यामुळे हिशेबनीस म्हणतात तो अर्थ पूर्ण खोडता येत नाही.

रात्रपाळी
दोन्ही असेल. नव्या सुनेला दिवसभर काम आणि रात्री जेवण नाही, लागणारच.

निवांत_पाखरू
आईला विचारलं, ती म्हणते आजी 'सुतक लागलं' आणि 'सोमवार लागला' एकाच सुरात म्हणायची. पण आजीलाच विचारते पुढच्या पत्रात. अजून एक शब्द आहे, तिसऱ्या पानावर, मामंजी रात्री चुलीत 'गोवरी पुरून' ठेवायचे म्हणून लिहिलंय. सोमवारी चूल पेटवायची नाही म्हटलं तर मग गोवरी कशाला?

पाटपाणी
विस्तव राखायला असेल, सकाळी काडी वाचते. राखेखाली ठेवलेली गोवरी धुमसत राहते. पण सोमवारी पण ठेवायचे का ते विचारा, आमच्या घरातलं मला एवढंच माहीत आहे.